लर्निंग, पक्कं लायसन्स आणि आयडीपी: मुलाचं विमान २० सप्टेंबरला, काय, कधी आणि कशावर चालेल?

मृण्मयी_भांडुप | २८ जुलै २०२५, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी. माझा मुलगा (वय २२) सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जर्मनीला, स्टुटगार्टला जातोय. विमान २० सप्टेंबरचं. त्याने १२ मार्चला घरी बसून आधारवरून चारचाकीचं लर्निंग काढलं. मग परीक्षा, प्रोजेक्ट यात दिवस गेले. परवा २५ जुलैला वडाळ्याला टेस्ट दिली आणि नापास झाला. रिव्हर्स घेताना मागचं चाक दांडीला लागलं.

आता त्याचा मित्र म्हणतो, टेस्टच्या मागे कशाला लागतोस, लर्निंग हेसुद्धा लायसन्सच आहे, त्यावर आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचा इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, काढ आणि जा. तिकडे वर्षभर चालेल. हे खरं आहे का? नसेल तर आमच्याकडे किती दिवस आहेत? तो रोज संध्याकाळी त्याच्या बाबांना शेजारी बसवून सराव करतो, त्यामुळे हात बसलाय. टेस्टचीच भीती आहे.

---

रोहन_पार्ले | २८ जुलै, १०.४०

ताई, लर्निंगवर आयडीपी मिळणार नाही, एवढं नक्की. पण आयडीपीची तशी गरजही नसते. मी मागच्या वर्षी लंडनला आपल्या महाराष्ट्राच्या लायसन्सवर दोन आठवडे गाडी चालवली, कोणी आयडीपी विचारला नाही. पक्कं लायसन्स काढा, बास.

---

वडाळा_नाका | २८ जुलै, ११.२५

मी वीस वर्षं मोटार ट्रेनिंग स्कूल चालवलं, आता मुलगा बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल विचारतो, कारण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. शेजारी बसणाऱ्या बाबांकडे चारचाकीचं लायसन्स आहे ना? आणि गाडीला पुढेमागे एल लावलाय ना?

आता मूळ प्रश्न. लर्निंग म्हणजे शिकण्याची परवानगी. तिची मुदत सहा महिने, आणि ती सबंध भारतात चालते. मुंबईत काढलेल्या लर्निंगवर पुण्यात सराव केला तरी हरकत नाही. पण ती भारताच्या बाहेर जात नाही. आयडीपी म्हणजे तुमच्या पक्क्या लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर, एका ठरलेल्या नमुन्यातल्या पुस्तिकेत. मुळात ज्याचं भाषांतर करायचं तेच हातात नसेल, तर आयडीपी कशाचा देणार? म्हणून अर्जात पक्क्या लायसन्सचा नंबर लागतोच. मित्राने सांगितलेलं चुकीचं आहे.

रोहन, तुम्हाला लंडनला अडचण आली नाही, कारण ब्रिटनमध्ये आपलं लायसन्स कार आणि मोटरसायकलसाठी बारा महिने तसंच चालतं. तो त्या देशाचा नियम आहे, त्यावरून जर्मनीचं ठरवता येत नाही.

---

मृण्मयी_भांडुप | २८ जुलै, १२.०५

काका, खूप आभार. एल लावलाय, पण फक्त मागे. आणि यांच्याकडे लायसन्स आहे, पण ते बाइकचं. गाडी घेतली तेव्हा ड्रायव्हर होता, त्यामुळे यांनी चारचाकीचं कधी काढलंच नाही. हे शेजारी बसतात ते लक्ष ठेवायला आणि हँडब्रेक ओढता यावा म्हणून. हे चालत नाही का?

---

वडाळा_नाका | २८ जुलै, १२.५०

नाही चालत ताई. आजपासूनच थांबवा, हे अगदी कळकळीने सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला तिसरा नियम फक्त लर्निंगवाल्यांसाठी आहे. त्यात तीन गोष्टी लागतात. हातात मुदतीतलं लर्निंग हवं. शेजारी असा माणूस हवा, ज्याच्याकडे त्या प्रकारचं वाहन चालवण्याचं चालू लायसन्स आहे आणि ज्याला बसल्या जागेवरून गाडी थांबवता किंवा ताब्यात घेता येईल. आणि पांढऱ्या पाटीवर लाल एल, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पाटीचं मापही दिलंय, १८ सेंटिमीटरचा चौकोन. काचेवर बोटाएवढं स्टिकर लावून ते भागत नाही.

बाबांकडे बाइकचं लायसन्स असेल, तर कारच्या बाबतीत कायद्याने ते शेजारी बसलेले कोणीही प्रवासी. म्हणजे मुलगा एकटाच चालवतोय असं धरलं जाईल. नाकाबंदीत अडवलं तर विनालायसन्स वाहन चालवल्याचं कलम लागू शकतं, त्याचा दंड पाच हजार आहे. दंडाचं एक वेळ सोडा. तुमची विमा पॉलिसी काढून 'ड्रायव्हर' या शीर्षकाखालचा मजकूर वाचा. त्यात लर्निंगवाल्याला चालवायला मुभा आहे, पण तिसऱ्या नियमाचं पालन होत असेल तर, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कोणाला धडक बसली, तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार की शेजारी कोण होतं.

आमच्या स्कूलमध्ये एक मुलगी यायची. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीला शेजारी बसवून गाडी घेऊन निघाली. मैत्रिणीकडेही लर्निंगच. दोघींना वाटलं, दोन लर्निंग मिळून एक पक्कं होतं. सायनच्या सिग्नलला पुढच्या टॅक्सीचा बंपर गेला. इजा कोणालाच नाही, पण वडिलांनी भरपाई खिशातून दिली आणि महिनाभर घरात बोलणं बंद होतं.

घरात, सोसायटीत, नातेवाइकांत कोणाकडे चारचाकीचं लायसन्स असेल तर त्यांना बसवा. नाहीतर टेस्टपर्यंत स्कूलची गाडी घ्या. तिला प्रशिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो.

---

मृण्मयी_भांडुप | २८ जुलै, १.२०

वाचूनच धडधडलं. आज संध्याकाळचा सराव रद्द. माझा भाऊ नाहूरला राहतो, त्याच्याकडे पंधरा वर्षं जुनं चारचाकीचं लायसन्स आहे. तो यायला तयार आहे. पुढचा एलही आजच लावते.

आता तारखांचं सांगाल का?

---

वडाळा_नाका | २८ जुलै, २.१०

लर्निंग १२ मार्चचं, म्हणजे ते ११ सप्टेंबरपर्यंत. टेस्टला बसायला लर्निंग मिळून तीस दिवस व्हावे लागतात, ते तुमचे एप्रिलमध्येच झाले. तेव्हा स्लॉट घेतला असता तर आज ही धावपळ नसती. असो.

नापास झाल्यावर पुन्हा टेस्ट सात दिवसांनी देता येते. म्हणजे १ ऑगस्टनंतरचा जो पहिला स्लॉट sarathi.parivahan.gov.in वर दिसेल तो घ्या. एक लक्षात ठेवा, तिसऱ्यांदाही नापास झाला तर पुढच्या टेस्टला साठ दिवस थांबावं लागतं. तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. त्यामुळे दुसऱ्या टेस्टला तयारीनेच जा, घाईने नाही.

११ सप्टेंबर उलटला तर लर्निंग संपलं. ते पुढे ढकलून मिळत नाही. नवीन काढायचं आणि पुन्हा तीस दिवस थांबायचं. मग विमान आधी आणि टेस्ट नंतर.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पास झाला तर लायसन्सचा नंबर आधी सारथीवर आणि डिजिलॉकरमध्ये दिसू लागेल, कार्ड नंतर पोस्टाने येईल. मुंबईत पोलिसाला डिजिलॉकर दाखवलं तरी चालतं, २०१८ पासून त्याला मूळ कागदाचा दर्जा आहे. परदेशात मात्र फोनवरचं चित्र कोणी धरत नाही. तिकडे आयडीपी आणि मूळ कार्ड, दोन्ही बरोबर लागतात. नुसता आयडीपी म्हणजे मूळ पुस्तक घरी ठेवून भाषांतर नेल्यासारखं. म्हणून कार्डाच्या पोस्टाकडे डोळा ठेवा.

---

जुना_गिरगावकर | २८ जुलै, ४.३५

विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. मुलगी अमेरिकेत आहे, तिच्याकडे दिवाळीनंतर सहा महिने राहायचं म्हणून जूनमध्ये आयडीपी काढला. एक हजार रुपये फी भरली. हातात पुस्तिका आली तर मुदत १० फेब्रुवारी २०२६! मी खिडकीवर भांडलो की आयडीपी एक वर्षाचा असतो, तुम्ही आठ महिन्यांचाच कसा दिलात. त्यांनी फक्त माझ्या लायसन्सवर बोट ठेवलं. ते १० फेब्रुवारीलाच संपतंय, त्या दिवशी मी साठ पूर्ण करतो.

---

रोहन_पार्ले | २८ जुलै, ४.५०

काका, काळजी नको. आता लायसन्स संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंत तुम्ही चालवू शकता.

---

वडाळा_नाका | २८ जुलै, ५.३०

रोहन, यात अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं लोकांना महागात पडतं. ते एक वर्ष नूतनीकरणाचं आहे, चालवण्याचं नाही. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालू धरत, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढली. म्हणजे आता मुदत संपली की दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसायचं नाही.

गिरगावकर, तुमचा आयडीपी बरोबरच दिलाय. तो एक वर्ष किंवा मूळ लायसन्सची मुदत, यातलं जे आधी संपेल तिथपर्यंतच असतो. तुम्ही २०१९ च्या सप्टेंबरनंतर नूतनीकरण केलं असणार, कारण पन्नास ते पंचावन्न वयात ते केलं की साठाव्या वाढदिवसापर्यंतच मिळतं. पंचावन्ननंतर पाच पाच वर्षांचं.

तुम्हाला एक करता आलं असतं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज घेतात. आधी लायसन्स नवं करून मग आयडीपी काढला असता तर पूर्ण वर्ष मिळालं असतं. अजूनही जाण्याआधी वेळ आहे. लायसन्स नवं करून घ्या, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागेल. मग आयडीपीचं बघा.

---

जुना_गिरगावकर | २८ जुलै, ६.०५

बरोबर ओळखलंत, नोव्हेंबर २०१९ मध्येच केलं होतं. म्हणजे पुन्हा हजार रुपये. पण फेब्रुवारीत तिकडे पायी फिरण्यापेक्षा बरं. उद्याच अर्ज करतो.

---

मीनल_ताडदेव | २८ जुलै, ९.१५

माझाही असाच प्रश्न आहे. माझा भाचा न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये येतोय, त्याला कोकणात गाडी चालवायची आहे. त्याचा आयडीपी ताडदेवच्या आरटीओत किती दिवसांत मिळेल?

---

वडाळा_नाका | २८ जुलै, ९.४०

मीनलताई, ताडदेवला तो मिळणार नाही. ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशातून आयडीपी. भाच्याने निघण्याआधी अमेरिकेतच काढून आणायचा आणि इथे स्वतःच्या मूळ लायसन्ससोबत ठेवायचा. आणि उलटही लक्षात घ्या, आपण इथे काढलेला आयडीपी भारतात चालत नाही. मुंबईत तो दाखवून कोणी लायसन्स घरी विसरल्याची सबब सांगू शकत नाही.

---

स्टुटगार्टची_सई | २९ जुलै, रात्री १२.५०

मृण्मयीताई, मी डोंबिवलीची, इथे सहा वर्षं आहे. काकांनी भारताची बाजू छान सांगितली. जर्मनीची बाजू मी सांगते, कारण माझा स्वतःचा घोटाळा इथेच झाला होता.

माझ्या आयडीपीवर पुढच्या वर्षीची तारीख होती, त्यामुळे मी निवांत होते. इथे ती तारीख मोजत नाहीत. इथे राहायला आल्यावर पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला अनमेल्डुंग म्हणतात. इथला रहिवासी झाल्यापासून सहा महिने आपलं लायसन्स चालतं. नंतर आयडीपीवर काहीही तारीख असो, गाडी बंद. पर्यटक म्हणून आलेल्याची गोष्ट वेगळी, पण विद्यार्थी हा रहिवासीच.

ज्याला बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचंच नाही आणि ते तो दाखवू शकतो, त्याला आणखी सहा महिने वाढवून मिळू शकतात. दोन वर्षांच्या मास्टर्सला त्याचा उपयोग नाही.

पुढे जर्मन लायसन्स हवं असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. काही देशांच्या लायसन्सची नुसती अदलाबदल होते, त्या यादीत भारत नाही. भारतीय लायसन्स असल्याचा फायदा एवढाच की नवशिक्यांना सक्तीचे असणारे तास आपल्याला सक्तीचे नसतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. मी तरी सहा तास घेतले, कारण डावीकडून चालवायची सवय सुटत नव्हती. डाव्या हाताला गिअर शोधताना दार हाताला लागायचं.

कार्ड वेळेत आलं आणि आयडीपी मात्र राहिला, तर घाबरू नका. इथे एडीएसी नावाचा मोटार क्लब लायसन्सचं भाषांतर करून देतो, तेही धरतात. मात्र कार्ड हवंच.

---

रोहन_पार्ले | २९ जुलै, ९.३०

सई, ही माहिती नवीन आहे, धन्यवाद. माझा समज होता की आयडीपी वर्षाचा म्हणजे वर्षभर चालवता येतं. मग पुढच्या वर्षी व्हिएतनामला बाइक भाड्याने घ्यायचा बेत आहे, तिथे तरी आयडीपी चालेल ना? आमच्या ग्रुपमध्ये एकाने ऑनलाइन साइटवरून तीन वर्षांचा मागवलाय, डॉलरमध्ये पैसे भरून.

---

वडाळा_नाका | २९ जुलै, ११.१०

रोहन, त्या मित्राचे पैसे गेले. भारतातल्या लायसन्सवरचा खरा आयडीपी आरटीओच देतं, आणि आपल्या आयडीपीला वर्षापेक्षा जास्त मुदत कधीच नसते. तीन वर्षांचा असं जिथे लिहिलंय तिथेच ओळखायचं.

व्हिएतनामची अडचण वेगळी आहे. रस्ते वाहतुकीचे जागतिक करार दोन आहेत, १९४९ चा जिनिव्हाचा आणि १९६८ चा व्हिएन्नाचा. आपला आयडीपी १९४९ च्या करारावर निघतो. जपान, थायलंड त्याच करारातले, म्हणून तिथे चालतो. व्हिएतनाम १९६८ वालं आहे. दुकानदार पासपोर्ट ठेवून बाइक देईलही, पण अपघात झाला तर प्रवास विमा त्या कागदाला लायसन्स मानेल असं मला वाटत नाही. मुख्य चीनमध्ये तर कुठलाच आयडीपी चालत नाही.

आणखी एक. तुझ्या लायसन्सवर गिअरची मोटरसायकल आहे का? आयडीपीच्या आतल्या पानावर ए, बी, सी असे वाहनांचे वर्ग असतात. लायसन्सवर जे असेल तेवढ्याच वर्गासमोर नोंद होते. फक्त कारचं लायसन्स असेल तर बी समोर. ए रिकामा राहिला तर थायलंडमध्येही स्कूटर चालवता येणार नाही.

---

रोहन_पार्ले | २९ जुलै, ११.३५

व्हिएतनामबद्दल माझे दोन मित्र म्हणतात की त्यांना पोलिसांनी आयडीपी बघून सोडलं. त्यामुळे मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

---

वडाळा_नाका | २९ जुलै, ११.५०

रस्त्यावर सोडणं आणि विम्याने पैसे देणं, या दोन गोष्टी वेगळ्या. पॉलिसी घेण्याआधी विमा कंपनीला लेखी विचार, आणि त्यांचं उत्तर इथे टाक. मलाही वाचायचंय.

---

मृण्मयी_भांडुप | ९ ऑगस्ट, दुपारी ३.१५

मंडळी, काल टेस्ट झाली आणि पास झाला! भावाने आठ दिवस रोज सकाळी साडेसहाला येऊन, सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर दोन खुर्च्या ठेवून नुसतं रिव्हर्स करवून घेतलं.

आयडीपीसाठी दोन शंका. डॉक्टरांचा दाखला आणि व्हिसा लागतो का? माझ्या मैत्रिणीच्या मुलाकडे २०१९ मध्ये दोन्ही मागितले होते.

---

वडाळा_नाका | ९ ऑगस्ट, ४.४०

मनापासून अभिनंदन, आणि मामांना माझा नमस्कार सांगा.

२०२१ च्या जानेवारीत केंद्राने नियम बदलून वैद्यकीय दाखला आणि व्हिसा, दोन्हींची अट काढली. बऱ्याच देशांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, हे त्यामागचं एक कारण. तरी व्हिसा, तिकीट आणि पासपोर्टच्या प्रती जवळ ठेवा, खिडकीवर वाद घालण्यात सकाळ जाऊ नये. आणि आजच एक करा. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, असं सर्रास असतं. आयडीपीचा अर्ज तिथेच अडकतो.

---

स्टुटगार्टची_सई | ९ ऑगस्ट, ८.२०

अभिनंदन! मात्र भाड्याच्या गाडीचा बेत लगेच नको. इथल्या बऱ्याच कंपन्या लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं मागतात. लर्निंगचे महिने त्यात धरत नाहीत. कायद्याने त्याला चालवता येईल, पण काउंटरवर चावी मिळेलच असं नाही. मित्राच्या गाडीच्या विम्यात नवीन चालकाचं नाव आहे का, तेही विचारायला सांगा.

---

मृण्मयी_भांडुप | २८ सप्टेंबर, रात्री १०.०५

उशिरा कळवतेय. नावात फरक निघालाच, लायसन्सवर वडिलांचं नाव नव्हतं. ते दुरुस्त करण्यात अकरा दिवस गेले. नवीन कार्ड ८ सप्टेंबरला पोस्टाने आलं आणि १६ ला आयडीपी हातात पडला. राखाडी रंगाची छोटी पुस्तिका, आत त्याचा फोटो, फक्त बी समोर नोंद. लायसन्स त्याच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत आहे, आयडीपी १५ सप्टेंबर २०२६ पर्यंत.

तो २१ ला पोचला, पत्त्याची नोंदणी २४ ला झाली. सईने सांगितल्याप्रमाणे मी घरच्या कॅलेंडरवर २४ मार्चला लाल गोल केलाय, त्यानेही तिकडे केलाय. लेखी परीक्षेचा अभ्यास डिसेंबरच्या सुट्टीत सुरू करतो म्हणालाय.

आणि यांनी कालच चारचाकीचं लर्निंग काढलं. शेजारी माझा भाऊ बसणार आहे.